वर कडक, खाली मऊ: काळ्या मातीच्या कडक थरावर फूटिंग ठरवताना

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, दर्यापूर, शेगावकडच्या खारपाणपट्ट्यात, गोदाम किंवा दोन मजली घर बांधताना एक चूक पुन्हा पुन्हा होते. मे महिन्यात खड्डा खोदतात. सब्बल मारली की ठणठण आवाज येतो. त्याच खड्ड्यात प्लेट लोड टेस्ट होते, अहवालात एसबीसी, म्हणजे जमिनीची सुरक्षित भारक्षमता, १६ टन प्रति चौरस मीटर येते आणि त्या आकड्यावर फूटिंगचा आकार ठरतो. दोन पावसाळे गेले की एखादा कॉलम बसतो. मग कोणी सिमेंटला दोष देतं, कोणी मिस्त्रीला.

मोजणी खोटी नसते, पण ती फक्त वरच्या थराची असते. नाल्याकाठी, जुन्या तळ्याच्या पोटात किंवा कालव्याचा पाझर येणाऱ्या शिवारात वरची दीड-दोन मीटर काळी माती उन्हानं वाळून कडक होते आणि खालची चिकणमाती बारमाही ओली, मऊ राहते. फूटिंगचा भार जास्त झाला तर वरचा थर फूटिंगच्या कडेनं कापला जातो आणि मातीच्या गठ्ठ्यासकट फूटिंग खालच्या मऊ मातीत घुसतं. यालाच पंचिंग म्हणतात. हे टाळण्यासाठी काय मोजायचं, कोणत्या क्रमानं, आणि आकडे कसे मांडायचे, ते पुढे एका उदाहरणासकट दिलं आहे.

उदाहरण असं धरू: धान्याचं गोदाम, एका कॉलमवर ३५ टन भार. जमिनीपासून २.२ मीटरपर्यंत कडक काळी माती, तिथून ६ मीटरपर्यंत मऊ पिवळसर-करडी चिकणमाती, त्याखाली चुनखडीचे खडे असलेली घट्ट माती.

## टप्पा १: खड्ड्याआधी विहीर आणि बोअर

शेजारच्या शेतात विहीर असेल तर आधी तिच्या मालकाकडे जा. बांधकाम किती खोलीपासून करावं लागलं, खोदताना कडा कुठे ढासळल्या, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, हे त्याला पाठ असतं. कडा ढासळल्याची खोली बहुतेक वेळा मऊ थराचीच असते. याचा खर्च एका चहाचा.

मग बोअर. चिकणमातीत हातानं फिरवायचा ऑगर पाच-सहा मीटर सहज जातो, मोठं यंत्र आणायलाच पाहिजे असं नाही. किती खोल जायचं याचा नियम साधा आहे: फूटिंगच्या तळाखाली रुंदीच्या किमान दुप्पट, आणि तिथेही मऊ माती संपली नसेल तर ती संपेपर्यंत. दीड मीटरच्या ट्रायल पिटवर काम भागवणं हे या जमिनीत सगळ्यात महागात पडणारं बचतीचं काम आहे, कारण तो खड्डा नेमका कडक थरातच संपतो.

गोदामाच्या चारही कोपऱ्यांत एकेक बोअर घ्या आणि नाल्याच्या बाजूला एक जास्त. कडक थराची जाडी नाल्याकडे कमी होत जाते. एका टोकाला २.२ मीटर आणि दुसऱ्या टोकाला दीडच मीटर, असंही निघतं. हिशेबात नेहमी सगळ्यात पातळ जागेचा आकडा धरायचा, सरासरी नाही.

तपासा: ऑगरला येणारी माती अंगठ्यानं दाबून बघा. जोर लावूनही फक्त खळगा पडला तर माती कडक. अंगठा सहज आत गेला तर मऊ. हा बदल कोणत्या खोलीवर झाला ते जागेवरच वहीत लिहा, संध्याकाळी आठवून नाही.

## टप्पा २: दोन्ही थरांची ताकद, आणि ती पावसाळ्यातली

वरच्या थरासाठी पॉकेट पेनिट्रोमीटर किंवा प्रयोगशाळेतली अनकन्फाइन्ड टेस्ट चालते. इथे एक ढोबळ चूक होते. पेनिट्रोमीटरवर दिसणारा आकडा दाबाखालच्या ताकदीचा असतो आणि आपल्याला हवी असते कातर ताकद. ती त्याच्या निम्मी. मे महिन्यात १.६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर वाचलं तर ते झाले १६ टन प्रति चौरस मीटर, आणि कातर ताकद ८ टन. हे निम्मं करायचं राहून गेलं की पुढचा सगळा हिशेब दुप्पट फुगतो.

पण त्याहून मोठी चूक महिन्याची आहे. काळ्या मातीचा हा कडकपणा वाळल्यामुळे आलेला असतो. भेगांतून पावसाचं पाणी आत गेलं की तोच थर सप्टेंबर-ऑक्टोबरात मऊ पडतो. आपल्या उदाहरणात त्याच जागी पावसाळ्यानंतर ०.९ वाचलं, म्हणजे कातर ताकद ४.५ टन. मेमध्ये ८ आणि सप्टेंबरात ४.५ असेल, तर इमारत ४.५ वरच उभी राहू शकली पाहिजे.

शक्य असेल तर पाहणी पावसाळा संपल्यावरच करा. मालकाला घाई आहे आणि उन्हाळ्यातच काम काढायचं आहे, असं असेल तर वरच्या थरातले अखंड नमुने प्रयोगशाळेत भार ठेवून भिजवून मग तपासायला सांगा. हे सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. शिवाय वाळलेल्या मातीच्या ढेकळावर पेनिट्रोमीटर टोचला तर ढेकळाची ताकद कळते. भेगा पडलेल्या अख्ख्या थराची ताकद त्याहून कमीच असते.

खालच्या मऊ मातीसाठी व्हेन शिअर टेस्ट घ्या (आयएस ४४३४). एसपीटीचा, म्हणजे हातोड्यानं नळी ठोकून घ्यायच्या चाचणीचा, एन आकडा इथे फारसा कामाचा नाही. मऊ मातीत तो २ येवो की ४, हातोड्याच्या एका-दोन ठोक्यांच्या फरकावर ताकद ठरवता येत नाही. माती मऊ आहे एवढं तो सांगतो, किती मऊ ते सांगत नाही. व्हेनचा आकडाही जसाच्या तसा वापरायचा नसतो. माती जितकी चिकट तितका तो ताकद फुगवून दाखवतो. प्लास्टिसिटी इंडेक्स ५० च्या आसपास असेल तर सुमारे ०.८ नं गुणायचं. आपल्याकडे २.३ टन आला, म्हणून धरायचे १.८ टन.

सावधान: प्लेट लोड टेस्टवर या जमिनीत एकट्यानं विश्वास ठेवू नका. ४५ सेंटिमीटरच्या प्लेटचा दाब खाली साधारण तिच्या दुप्पट, म्हणजे ९० सेंटिमीटरपर्यंतच नीट जाणवतो. तिच्याखाली एक मीटर कडक थर असेल तर खालची मऊ माती प्लेटला दिसतच नाही. दीड मीटरच्या फूटिंगला मात्र ती पूर्ण जाणवते.

## टप्पा ३: कागदावर उभा छेद काढा

आकडेमोडीआधी प्रमाणात एक चित्र काढा. जमिनीची पातळी, कडक थराचा तळ, पाण्याची पातळी, आणि त्यात फूटिंग. आता फूटिंगच्या तळापासून कडक थराच्या तळापर्यंतचं अंतर मोजा. हिशेबात चालते ती हीच उरलेली जाडी. जमिनीपासूनची जाडी धरणं ही दुसरी नेहमीची चूक.

आपल्या उदाहरणात फूटिंगचा तळ १.२ मीटर खोल आहे, म्हणजे उरलेली जाडी १ मीटर. "आनखी दोन फूट खाली जाऊ द्या ना साहेब, काळ्या मातीवर फूटिंग ठेवते का कोनी?" असं मिस्त्री म्हणणारच. मुरूम लागेपर्यंत खोदायची त्याची सवय यवतमाळच्या उथळ जमिनीत बरोबर ठरते. इथे मात्र दोन फूट खाली जाणं म्हणजे ज्या थरावर उभं राहायचं तोच खोदून फेकणं. उरलेली जाडी १ मीटरवरून ०.४ मीटरवर येते.

## टप्पा ४: पंचिंगचा हिशेब

ब्राउन आणि मायरहॉफ यांनी १९६९ साली कडक चिकणमातीखाली मऊ चिकणमाती ठेवून प्रयोग केले. त्यातून निघालेलं सूत्र चौकोनी फूटिंगसाठी थोडं सोपं करून असं मांडता येतं:

अंतिम क्षमता = ६ × खालची ताकद + ३ × वरची ताकद × (उरलेली जाडी ÷ फूटिंगची रुंदी)

पहिला भाग म्हणजे मऊ मातीचा विरोध. दुसरा भाग म्हणजे फूटिंगच्या चारही कडांनी कडक थर कापायला लागणारा जोर. ३ हा आकडा चार बाजू गुणिले ताकदीचा पाऊण हिस्सा असा आला आहे. थर कापला जाताना त्याची पूर्ण ताकद एकाच वेळी हाती लागत नाही, म्हणून पाऊण. उत्तर कधीही ६ × वरची ताकद यापेक्षा जास्त धरायचं नाही, कारण त्यापुढे कडक थर स्वतःच आधी फुटतो. उरलेली जाडी रुंदीच्या दीड-दोन पटीहून जास्त असेल तर बहुधा हीच मर्यादा लागू होते आणि पंचिंगची चिंता उरत नाही. लांबट पट्टी फूटिंगला ६ च्या जागी ५.१४ आणि ३ च्या जागी १.५ घ्या.

आता तेच गोदाम. फूटिंग १.५ × १.५ मीटर, ३५ टन, म्हणजे दाब १५.६ टन प्रति चौरस मीटर.

नेहमीच्या पद्धतीनं फक्त वरचा थर आणि मे महिन्याची ताकद घेतली तर ६ × ८ = ४८, भागिले ३, म्हणजे सुरक्षित १६. दाब १५.६. पास. प्लेट टेस्टनंही हेच १६ सांगितलं होतं, म्हणून कोणाला शंका येत नाही.

पंचिंगचा हिशेब लावला की चित्र पालटतं. मेमध्ये ६ × १.८ = १०.८, अधिक ३ × ८ × (१ ÷ १.५) = १६, एकूण २६.८. सुरक्षितता गुणांक ३ हवा होता, आहे १.७. सप्टेंबरात दुसरा भाग ९ वर येतो आणि एकूण १९.८. गुणांक १.२७. उन्हाळ्यात अशी इमारत बिनतक्रार उभी दिसते. ओला हंगाम आणि भरलेलं गोदाम एकत्र आले की गाडी कडेला आलेली असते.

आणि मिस्त्रीचं ऐकून दोन फूट खाली गेलो तर? उरलेली जाडी ०.४, दुसरा भाग फक्त ३.६, एकूण १४.४. दाब १५.६. गुणांक एकपेक्षाही खाली, म्हणजे कागदावरच फूटिंग घुसलं.

तपासा: उलटतपासणीसाठी भार दोनास एक पसरवून बघा. कडक थरातून खाली जाताना भाराची रुंदी उरलेल्या जाडीइतकी वाढते असं धरायचं. ३५ ÷ (२.५ × २.५) = ५.६ टन दाब मऊ थरावर. त्या थराची सुरक्षित क्षमता ६ × १.८ ÷ ३ = ३.६. इथेही नापास. पण ही पद्धत एकटी वापरू नका. वरच्या थराची ताकद तिच्यात कुठेच येत नाही, त्यामुळे थर भिजून मऊ पडला तरी ती तेच उत्तर देत राहते.

## टप्पा ५: आकार बदला, खोली कमी करा

इथे दोन गोष्टी हातात असतात: फूटिंग रुंद करणं आणि वर उचलणं. नुसतं रुंद केलं तर जाडी भागिले रुंदी कमी होते, म्हणून प्रति चौरस मीटर क्षमता घटते. तरी दाब त्याहून वेगानं उतरतो, म्हणून फायदा होतो, पण एरवी वाटतो तितका नाही.

तळ ०.९ मीटरवर घेतला तर उरलेली जाडी १.३ मीटर. सप्टेंबरची ताकद धरून:

- १.५ मीटर रुंदी: क्षमता २२.५, दाब १५.६, गुणांक १.४
- २.० मीटर रुंदी: क्षमता १९.६, दाब ८.८, गुणांक २.२
- २.४ मीटर रुंदी: क्षमता १८.१, दाब ६.१, गुणांक जवळपास ३

२.४ मीटरवर काम झालं. मऊ थरावरचा दाब ३५ ÷ (३.७ × ३.७) = २.६ टन, तोही ३.६ च्या आत. मात्र कॉलममधलं अंतर पाहा. मऊ थरापर्यंत प्रत्येक भार ३.७ मीटर रुंद झालेला असतो. कॉलम तीन-तीन मीटरवर असतील तर शेजारचे भार एकमेकांवर चढतात आणि एकट्या फूटिंगचा हा हिशेब लागू राहत नाही.

आता खरी अडचण. ०.९ मीटर खोली काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याच्या पट्ट्यात येते. फुगण्यासाठी खोल जा आणि पंचिंगसाठी वर राहा, हे दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि मधला मार्ग काढून दोन्हींचं समाधान होईलच असं नाही. आधी मातीचा फ्री स्वेल इंडेक्स आणि फुगण्याचा दाब तपासा. फुगण्याचा दाब फूटिंगच्या दाबाहून जास्त नसेल तर उथळ फूटिंग, त्याच्या बाजूंनी चिकट पण न फुगणाऱ्या मुरुमाचा दाबलेला भराव, आणि इमारतीभोवती दीड-दोन मीटर रुंद, बाहेर उतार असलेली फरसबंदी, एवढ्यावर निभावतं. फुगण्याचा दाब जास्त असेल तर फूटिंगचा नाद सोडा आणि मऊ थर ओलांडून चुनखडीच्या घट्ट मातीत टेकणारे पाइल घ्या. माझा कल अशा जागी पाइलकडेच असतो, खर्च वाढला तरी. तळाजवळ फुगा असलेला अंडररीम पाइल घेतलात तर तो फुगा मऊ थरात येऊ देऊ नका. इकडे ३.५ मीटरचा ठरावीक पाइल सर्रास मारतात आणि आपल्या उदाहरणात त्याचा फुगा नेमका त्या मऊ मातीच्या पोटात बसतो.

## टप्पा ६: भराव आणि थप्पीचा भार विसरू नका

कॉलमच्या फूटिंगवर एवढं डोकं घालून लोक जमिनीवरचा भार मोजायचा सोडून देतात. प्लिंथसाठी ०.९ मीटर मुरूम भरला तर साधारण १.६ टन प्रति चौरस मीटर. पोत्यांची साडेचार मीटर उंच थप्पी, आणखी सुमारे ३ टन. एकूण ४.६, आणि तोही सगळ्या गोदामभर. रुंद भार खाली गेल्यावर पातळ होत नाही, जवळपास तसाच मऊ थरावर बसतो.

कन्सॉलिडेशन चाचणीत समजा असं निघालं की दर टनामागे आणि दर मीटर जाडीमागे मऊ माती ६ मिलिमीटर दबते. थर ३.८ मीटर जाड. फूटिंगचा भार थराच्या मध्यावर १.१ टनापर्यंत उतरलेला असतो, म्हणून त्याची दबणी सुमारे २५ मिलिमीटर. भराव आणि थप्पीची दबणी ६ × ४.६ × ३.८, म्हणजे १०५ मिलिमीटर. फूटिंगच्या चौपट! फरशी तर बसतेच, शिवाय आतल्या बाजूचे कॉलमही ती सोबत खाली ओढते. पाइल घेतले असतील तर बसणारी माती त्यांना वरून खाली ओढते, तो भार पाइलच्या हिशेबात धरावा लागतो.

उपाय दोनच: भराव कमी करा, आणि जो करायचा तो बांधकामाच्या एक पावसाळा आधी टाकून ठेवा, म्हणजे त्याची बरीचशी दबणी कॉलम उभे राहण्याआधी होऊन जाईल.

## टप्पा ७: खोदकाम

जेसीबीला ठरलेल्या तळाच्या १५ सेंटिमीटर वर थांबवा. उरलेलं कुदळ-फावड्यानं काढा आणि त्याच दिवशी पीसीसी घाला. खड्डा रात्रभर उघडा राहिला आणि अवकाळी पाऊस आला, तर तळाची माती लोण्यासारखी होते. तेवढी मऊ माती खरवडून तिथे साधं काँक्रीट भरा. "थोडं अजून खाली घेऊ" इथेही चालणार नाही.

खड्ड्यातलं पाणी उपसायला तळात खळगा करायचा झाला तर तो फूटिंगच्या जागेबाहेर करा. तो खळगा कडक थराला पाडलेलं भोकच असतं.

सावधान: शौचालयाचा शोषखड्डा कडक थर फोडून खाली जातो आणि त्याच थराला बारा महिने पाणीही पाजतो. फूटिंगच्या कडेपासून पाच मीटरच्या आत मी तो होऊ देत नाही. शेततळं किंवा पाण्याचा हौद असेल तर आणखी दूर.

## टप्पा ८: भेगा कशाच्या, ते ओळखा

फुगण्यामुळे पडलेल्या भेगा ऋतूप्रमाणे उघडतात आणि मिटतात. पंचिंगच्या भेगा मिटत नाहीत. त्या ओल्या हंगामात किंवा गोदाम भरल्यावर वाढतात आणि उन्हाळ्यात तशाच राहतात. एकच कॉलम खाली गेल्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत तिरप्या भेगा पडतात आणि प्लिंथ बीम त्या कॉलमजवळ तडकतो. जमिनीवर फूटिंगभोवती गोलसर भेग दिसू शकते, पण बाजूची माती वर उचललेली नसते. माती वर आली नाही म्हणून जमीन शाबूत आहे असा अर्थ काढू नका.

बांधकाम झाल्यावर प्रत्येक कॉलमवर जमिनीपासून ठरावीक उंचीला लेव्हलची खूण करा आणि गोदामापासून दूर, भार नसलेल्या जागी खोल गाडलेल्या गजावर बेंचमार्क ठेवा. पहिल्या हंगामात गोदाम एकदम भरू नका. आधी तिसरा हिस्सा, सगळ्या बाजूंनी सारखा. दोन-तीन आठवड्यांनी लेव्हल घ्या. दबणी दर आठवड्याला कमी होत असेल तर पुढचा हिस्सा भरा. एखादाच कॉलम इतरांपेक्षा वेगानं खाली जात असेल किंवा दबणीचा वेग वाढत असेल, तर भरणं थांबवा आणि त्या कॉलमजवळची पोती आधी काढा.